सहावा भाग काढा, बाकीचं पॅटर्नवर सोडा: जिनिव्हा व्हीलचं स्केच

कॅडमध्ये गोल आणि सारखा रिपीट होणारा पार्ट काढायचा असला की बरेच जण एक मोठ्ठं वर्तुळ काढतात, त्यावर स्लॉट काढतात, मग ट्रिम घेऊन अर्धा तास कात्री चालवत बसतात. शेवटी स्केच दिसतं बरोबर पण एक आकडा बदलला की सगळं विस्कटतं. सिमेट्री, कन्स्ट्रक्शन जॉमेट्री आणि पॅटर्न ही तीन टूल वेगवेगळी माहीत असतात सगळ्यांना, पण ती एकमेकांच्या खांद्यावर कशी उभी राहतात ते एका नीट उदाहरणातच कळतं, म्हणून इथे एकच पार्ट घेऊ आणि तो पुरता काढू.

पार्ट आहे सहा स्लॉटचं जिनिव्हा व्हील. ज्यांनी पाहिलं नसेल त्यांच्यासाठी सांगतो, एक क्रँक सतत फिरत असतो, त्यावर एक पिन असते, ती पिन व्हीलच्या स्लॉटमध्ये शिरते, व्हीलला ६० अंश फिरवते आणि बाहेर पडते. पिन बाहेर असताना व्हील हलू नये म्हणून दोन स्लॉटच्या मध्ये एक आत गेलेला आर्क असतो, त्यात क्रँकची लॉकिंग डिस्क बसून फिरत राहते. जुन्या फिल्म प्रोजेक्टरमध्ये फ्रेम थांबत थांबत पुढे सरकवायला हीच यंत्रणा असायची (तिथे बहुतेक चार स्लॉटची).

हे उदाहरण निवडायचं कारण असं की इथे मापं मनाने टाकता येत नाहीत. क्रँकची त्रिज्या `a`, व्हीलची त्रिज्या `b` आणि दोघांच्या सेंटरमधलं अंतर `C` हे तिन्ही एकमेकांना बांधलेले आहेत. नेटवर `n` स्लॉटसाठी सूत्रं मिळतात, `a = C × sin(180°/n)` आणि `b = C × cos(180°/n)`, आणि लोक कॅलक्युलेटरवर ५१.९६ काढून ते स्केचमध्ये टाइप करतात. माझं म्हणणं आहे की टाइप करूच नका, स्केचलाच काढू द्या.

आधी पॅरामीटर टेबलमध्ये एवढंच लिहा:

```
C = 60 mm
n = 6
half = 180 deg / n
pin = 6 mm
slot_w = pin + 0.2 mm
```

आता स्केच उघडा आणि पहिली पाच मिनिटं एकही पक्की रेघ काढू नका, फक्त कन्स्ट्रक्शन. फ्यूजनमध्ये रेघ सिलेक्ट करून `X` दाबलं की ती कन्स्ट्रक्शन होते, ऑनशेपमध्ये `Q`, बाकी ठिकाणी टूलबारवर बटन असतं. कन्स्ट्रक्शन रेघेचा अर्थ एवढाच की सॉल्व्हर तिला खरी रेघ मानतो, तिच्यावर डायमेन्शन, टॅन्जंट, सिमेट्रिक सगळं चालतं, पण प्रोफाइल शोधताना सॉफ्टवेअर तिच्याकडे बघत नाही.

ओरिजिनवर व्हीलचं सेंटर, त्याला O म्हणू. तिथून उजवीकडे एक आडवी कन्स्ट्रक्शन रेघ, लांबी `C`, तिचं दुसरं टोक D म्हणजे क्रँकचं सेंटर. मग O पासूनच दुसरी कन्स्ट्रक्शन रेघ तिरपी वर, आडव्या रेघेशी कोन `half`, म्हणजे ३० अंश. ही स्लॉटची मधली रेघ, म्हणजे अक्ष. तिची लांबी अजून देऊ नका. आता D पासून तिसरी रेघ काढा, तिचं टोक या तिरप्या रेघेच्या टोकाला जोडा, आणि दोघींमध्ये पर्पेंडिक्युलर द्या. त्या कोपऱ्याला P म्हणू.

झालं, O-D-P हा काटकोन त्रिकोण पूर्ण डिफाइन झाला, दोनच डायमेन्शन देऊन. OP मोजलंत तर ५१.९६ येईल, ती व्हीलची त्रिज्या, आणि DP बरोबर ३०, ती क्रँकची त्रिज्या. साइन-कोसाइन आपण लिहिलंच नाही, त्रिकोणाने केलं.

तो काटकोन का, हे समजून घेतलं की पुढे विसरायला होत नाही. पिन क्रँकबरोबर गोल फिरते म्हणजे कुठल्याही क्षणी तिची दिशा क्रँकच्या हाताला काटकोनात असते. ती स्लॉटमध्ये शिरते त्या क्षणी स्लॉट नेमका त्याच दिशेला असला तर ती सरळ घसरत आत जाते, भिंतीवर आदळत नाही, आणि व्हील शून्य वेगापासून फिरायला लागतं. P हाच तो शिरण्याचा बिंदू. (धक्का पूर्ण जात नाही, वेग शून्यापासून सुरू झाला तरी त्वरण एकदम उडी मारतं, म्हणून जास्त स्पीडला जिनिव्हा आवाज करतेच, त्याला स्केच काही करू शकत नाही.)

अजून तीन कन्स्ट्रक्शन वर्तुळं लागतात. पहिलं O सेंटर धरून P मधून जाणारं, ही व्हीलची कड. दुसरं D सेंटर धरून P मधून, हा पिनचा मार्ग. हे दुसरं वर्तुळ आडव्या रेघेला O पासून ३० वर छेदतं, कारण ६० वजा ३०, आणि पिन व्हीलच्या सेंटरच्या सगळ्यात जवळ तिथेच येते, म्हणून तिसरं वर्तुळ O सेंटर धरून त्या छेदबिंदूतून काढा. ते स्लॉटच्या अक्षाला जिथे कापेल तिथपर्यंत पिनचं सेंटर आत जाणार. तिथून अर्धा मिलिमीटर अजून आत, O कडे, अक्षावर एक पॉइंट ठेवा, म्हणजे पिन स्लॉटच्या तळाला टेकणार नाही. या पॉइंटला Q म्हणू.

आत्तापर्यंत स्क्रीनवर नुसत्या तुटक रेघा आहेत आणि प्रोफाइल शून्य. पण आता पक्क्या रेघा काढायला लागलात की प्रत्येक टोकाला बसायला जागा तयार आहे, आणि ट्रिम एकदाही लागणार नाही. ट्रिमवर माझा राग असण्याचं कारण हे की वर्तुळ ट्रिम केलं की त्याचे तुकडे होतात आणि त्या वर्तुळावर टेकलेले रिलेशन कुठे उडाले, कुठे राहिले हे बघणाऱ्याला कळत नाही. कड म्हणून कन्स्ट्रक्शन वर्तुळ तसंच ठेवून त्याच्यावर पाहिजे तेवढाच आर्क काढला तर ही भानगडच राहत नाही.

पक्क्या रेघांत पहिला तो लॉकिंग आर्क. सेंटर D. त्रिज्या किती घ्यायची तर नेहमीचा ठोकताळा असा की क्रँकची त्रिज्या वजा पिनच्या व्यासाच्या दीडपट, म्हणजे ३० वजा ९, २१. हेही टाइप करायचं नाही. DP या रेघेवर एक पॉइंट ठेवा, P पासून `1.5 * pin` अंतरावर, आणि आर्क त्या पॉइंटमधून जाईल असं कोइन्सिडंट द्या. आर्कची दोन्ही टोकं कडेच्या कन्स्ट्रक्शन वर्तुळावर. इथे गंमत बघा, अनेकांचा हात आपोआप सिमेट्रिककडे जातो, वरचं टोक आणि खालचं टोक आडव्या रेघेच्या दोन्ही बाजूंना सारखं पाहिजे म्हणून. गरजच नाही. दोन्ही वर्तुळांची सेंटर आडव्या रेघेवर आहेत, त्यामुळे त्यांचे छेदबिंदू आपसूकच सारख्या अंतरावर येतात, दोन्हीकडे साधारण २० अंशांवर. वरून सिमेट्रिक दिलंत तर काही सॉल्व्हर लगेच रिडंडंट म्हणून ओरडतात, काही गप्प गिळतात आणि पुढे भलत्याच ठिकाणी एरर दाखवतात. सिमेट्री असणं आणि सिमेट्रीचं रिलेशन देणं या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, दुसरी फक्त तिथे द्यायची जिथे पहिली आधीच आलेली नाही.

आता स्लॉटची एक बाजू, फक्त खालची म्हणजे आडव्या रेघेकडची. Q पासून अक्षाला काटकोनात एक छोटी कन्स्ट्रक्शन रेघ, लांबी `slot_w / 2`, म्हणजे ३.१. तिच्या टोकापासून पक्की रेघ, अक्षाला पॅरलल, थेट कडेच्या वर्तुळापर्यंत. मग तिथून O सेंटर धरून कडेवरून एक छोटा आर्क, लॉकिंग आर्कच्या वरच्या टोकापर्यंत. हा तुकडा साधारण ६ मिलिमीटरचा येतो आणि त्याच्यावर लक्ष ठेवा, पुढे याचं काम आहे.

आता मिरर. स्लॉटची ती सरळ बाजू आणि कडेचा छोटा आर्क, या दोघांनाच सिलेक्ट करून अक्षाभोवती मिरर करा. तळाचा अर्धगोल मिरर करायचा नाही. तो मिरर करायचा म्हणजे आधी पाव वर्तुळ काढायचं, आणि मग तळाच्या बरोबर मध्ये, अक्षावर, दोन पाव आर्कचा एक सांधा तयार होतो. डोळ्याला दिसत नाही, पण तो एज मोडलेला राहतो, पुढे फिलेट, ऑफसेट किंवा मशीनचा टूलपाथ तिथे दोन तुकडे धरतो. नियम साधा आहे, जी वक्र रेघ अक्षाला ओलांडून जाते ती पूर्ण एकदाच काढायची, जी एका बाजूला राहते तीच मिरर करायची. म्हणून तळाला एक आर्क काढा, त्याची टोकं दोन सरळ बाजूंच्या आतल्या टोकांना, आणि एका बाजूशी टॅन्जंट. एकाच. दुसऱ्या बाजूशी टॅन्जंट सिमेट्रीमुळे आपोआप आहे, तोही दिलात की स्केच ओव्हर-डिफाइन. ही चूक फार कॉमन आहे, आणि गोंधळ असा होतो की एरर शेवटच्या रिलेशनवर लाल दिसते म्हणून माणूस तेच पुन्हा पुन्हा वेगळ्या पद्धतीने द्यायला बघतो, खरं तर ते नुसतं पुसून टाकायचं असतं.

मिरर कमांड आणि सिमेट्रिक रिलेशन यांत गल्लत होते म्हणून थोडं. मिरर कमांड कॉपी काढून देते आणि बहुतेक सॉफ्टवेअरमध्ये सोबत रिलेशनही लावते, म्हणजे मूळ बाजू ओढली की कॉपी हलते. काही ठिकाणी मात्र ती एकदाची कॉपी असते, नंतर मूळ बदललं तरी कॉपी जागेवर. तपासायला कोइन्सिडंट वगैरे लावायच्या आधी मूळ रेघ माउसने ओढून बघा, किंवा `slot_w` ८ करा आणि दोन्ही भिंती सरकतात का ते पाहा. सिमेट्रिक रिलेशन स्वतः देणार असाल तर रेघांना देण्यापेक्षा टोकांना द्या, कारण रेघांना दिल्यावर नुसती दिशा सारखी होते की लांबीही, हे सगळीकडे सारखं नाही.

आता हातात सहा पक्के तुकडे आहेत: लॉकिंग आर्क, कडेचा छोटा आर्क, स्लॉटची भिंत, तळ, दुसरी भिंत, आणि कडेचा दुसरा छोटा आर्क. ही साखळी उणे २० अंशांपासून सुरू होते आणि अधिक ४० ला संपते. म्हणजे बरोबर ६० अंश. सर्क्युलर पॅटर्न घ्या, सेंटर O, हे सहाच तुकडे सिलेक्ट करा, कन्स्ट्रक्शन एकही नको, संख्या `n`, पूर्ण ३६० मध्ये सारखे वाटून. छत्तीस तुकड्यांचं एक बंद प्रोफाइल तयार.

हे ६० अंश बरोबर आले हा योगायोग नाही, आणि मला वाटतं या सगळ्या प्रकरणातली खरी समजून घेण्यासारखी गोष्ट हीच आहे. पॅटर्न बंद व्हायचा असेल तर एका तुकड्याचं शेवटचं टोक पुढच्या कॉपीच्या पहिल्या टोकावर नेमकं पडलं पाहिजे. आपल्या आकाराला सिमेट्रीच्या दोन रेघा आहेत, एक आडवी जिच्याभोवती लॉकिंग आर्क सारखा आहे, आणि एक ३० अंशांवरची जिच्याभोवती स्लॉट सारखा आहे. लॉकिंग आर्कचं खालचं टोक आडव्या रेघेत उलटवलं की वरचं टोक येतं, उणे २० चे अधिक २०. तेच टोक स्लॉटच्या अक्षात उलटवलं की दुसऱ्या छोट्या आर्कचं टोक, अधिक ४०. दोनदा उलटवणं मिळून ६० अंशांचं फिरवणं झालं. जॉमेट्रीत हे नेहमीच असं असतं, दोन आरशांमध्ये जेवढा कोन तेवढ्याच्या दुप्पट फिरणं. आपण अक्षाचा कोन `180/n` दिलाय आणि पॅटर्न `360/n` ने फिरतो, म्हणून टोकं जुळणारच, `n` काहीही ठेवा. जुळवायला वेगळं काही करावं लागत नाही.

उलट ज्यांनी दुसरा छोटा आर्क मिरर न करता हाताने काढला, डोळ्याने सारखा दिसेल असा, त्यांच्याकडे प्रत्येक जोडाला केसाएवढी फट राहते. सहा कॉपीत सहा फटी. स्केच दिसायला अगदी बंद, पण एक्स्ट्रूडला गेलात की प्रोफाइल सिलेक्टच होत नाही, किंवा आतला भाग रंगत नाही, किंवा सॉफ्टवेअर तुम्हाला पातळ भिंतीचं एक्स्ट्रूड सुचवायला लागतं. ही लक्षणं दिसली की झूम करून छत्तीस जोड शोधत बसू नका. सीडचं, म्हणजे ज्यांचा पॅटर्न केला त्या मूळ सहा तुकड्यांच्या साखळीचं, शेवटचं टोक बघा, ते डिफाइन आहे का. सॉलिडवर्क्स आणि फ्यूजनमध्ये निळं राहिलेलं म्हणजे मोकळं, काळं म्हणजे बांधलेलं, फ्रीकॅडमध्ये पूर्ण बांधलेलं स्केच हिरवं होतं आणि किती डिग्री ऑफ फ्रीडम उरल्या तो आकडाच सांगतो. सीडमध्ये एक जरी मोकळी असली तरी पॅटर्न लावू नका, कारण पॅटर्ननंतर तीच अडचण सहापट होऊन दिसते आणि मूळ कुठलं ते ओळखता येत नाही.

दुसरी फट येते टाइप केलेल्या कोनामुळे. सहाला ६० अंश असतो म्हणून चालून जातं. सात स्लॉट घेतले तर ३६० भागिले ७ म्हणजे ५१.४२८५७ आणि पुढे चालूच, लोक ५१.४३ टाइप करतात. प्रत्येक कॉपीला किंचित जास्त, आणि सातव्या कॉपीपर्यंत तो फरक साठून शेवटच्या जोडावर सुमारे ०.००८ मिलिमीटर चूक राहते. पार्टला त्याने काही होत नाही, पण प्रोफाइल बंद आहे की नाही हे सॉफ्टवेअर पार्टच्या टॉलरन्सने ठरवत नाही, त्याच्या स्वतःच्या फार बारीक टॉलरन्सने ठरवतं. म्हणून कोन देऊ नका, पूर्ण वर्तुळ आणि संख्या द्या.

आणि पॅटर्नचे जोड घट्ट व्हावेत म्हणून कॉपींच्या टोकांना आपण कोइन्सिडंट द्यायला गेलात तर बहुतेक वेळा रिडंडंट येईल, कारण त्या कॉपी आधीच फिरवण्याच्या रिलेशनने बांधलेल्या आहेत.

आता परीक्षा. `n` ८ करा. अक्षाचा कोन २२.५ होतो, OP ५५.४३ होते, DP २२.९६, लॉकिंग आर्क १३.९६ चा होतो, स्लॉट लांबीने कमी होतात आणि पॅटर्न आठ कॉपींचा. एकही रेघ हाताने न हलवता हे झालं तर स्केच खरंच नीट आहे. पॅटर्नची संख्या पॅरामीटरला जोडता येत नसेल अशा सॉफ्टवेअरमध्ये सीड आपोआप बदलेल पण कॉपी सहाच राहतील, तिथे पॅटर्न पुसून पुन्हा लावायचा, अर्ध्या मिनिटाचं काम, कारण सीड शाबूत आहे.

मोठे `n` घेतल्यावर मात्र एक भिंत लागते आणि ती कुठे हे आधीच काढता येतं. लॉकिंग आर्कची त्रिज्या म्हणजे DP वजा ९, आणि `n` वाढेल तशी DP लहान होते. ६० च्या सेंटर अंतराला १९ स्लॉट घेतले तर DP ९.८८, म्हणजे लॉकिंग आर्क ०.८८ मिलिमीटर त्रिज्येचा, स्केच सुटतं पण तसली लॉकिंग डिस्क कोणी बनवू शकत नाही. २० ला DP ९.३९, त्रिज्या ०.३९, पण व्हीलची कड D पासून ०.७४ लांब, आर्क कडेपर्यंत पोचतच नाही, स्केच लाल. २१ ला DP ८.९४, मग तर त्रिज्याच उणे. तिथे सॉल्व्हरला दोष देऊन उपयोग नाही, पिन बारीक करा किंवा `C` वाढवा. खालच्या टोकाला ३ स्लॉट घेऊन बघा, DP जवळजवळ ५२ होते आणि पिन व्हीलच्या सेंटरपासून ८ मिलिमीटरपर्यंत येते, स्लॉटचा तळ धरला तर शाफ्टला जेमतेम साडेचार मिलिमीटरची त्रिज्या उरते. स्केच याबद्दल काहीही तक्रार करणार नाही, कारण त्याला शाफ्ट माहीतच नाही.

राहिला प्रश्न पॅटर्न स्केचमध्ये लावायचा की नंतर सॉलिडवर. नुसता थ्रीडी पार्ट पाहिजे असेल तर मी स्वतः कडेची डिस्क एक्स्ट्रूड करून, याच सीडने एक स्लॉट आणि एक लॉकिंग आर्क कट करून, त्या कटचा फीचर पॅटर्न घेईन. सॉल्व्हरवर भार पडत नाही आणि एखादी कॉपी गाळायची तर गाळता येते. मात्र त्याच आउटलाइनला बाहेरून ऑफसेट काढायचा आहे, किंवा लेझर कटिंगला हेच स्केच द्यायचंय, किंवा दुसऱ्या पार्टमध्ये ते वापरायचंय, तर स्केच पॅटर्नच बरा. छत्तीस तुकडे कुठलंही सॉफ्टवेअर आरामात ओढतं. साठ दातांचं काही असेल आणि दर दाताला सहा तुकडे, तर साडेतीनशेच्या वर तुकडे एकमेकांना बांधलेले होतात, मग एक आकडा बदलला की कर्सर गोल फिरत राहतो. तिथे सीड स्केचमध्ये आणि पॅटर्न सॉलिडवर, कन्स्ट्रक्शनचा तो त्रिकोण आहे तिथेच राहू द्यायचा.